तीळ पांढरेच राहिले, खोबरं काळपट झालं आणि रस्सा कडू. कुठं चुकलं?

रंकाळ्याचा_वारा
मंडळी, आई पंधरा दिवसांसाठी बहिणीकडं गडहिंग्लजला गेलीय त्यामुळं रविवारचं मटण माझ्या गळ्यात. एक किलो आणलं, अळणी पाणी झकास निघालं, इथवर सगळं बरोबर. तांबड्याच्या वाटणासाठी किसलेलं सुकं खोबरं एक वाटी आणि पांढरे तीळ तीन मोठे चमचे असं दोन्ही एकदमच कढईत घातलं, गॅस मंद केला आणि हलवत बसलो. आईनं फोनवर सांगितलेलं, मंद आचेवर भाज आणि तीळ तडतडले की बंद कर. आता तीळ काय तडतडेनात. आता तडतडतील मग तडतडतील करत थांबलो तोवर खोबरं मधेमधे कॉफीच्या रंगाचं झालं. गॅस बंद केला, कढई तशीच ठेवून कांदा भाजायला घेतला. नंतर वाटण केलं, रस्सा झाला, रंग तर असला आला की फोटो टाकावा. पण घोट घेतल्यावर मागनं कडू. बायको काही बोलली नाही, नुसतं दही घेऊन आली.
आता प्रश्न असा की तीळ कच्चे राहिले म्हणून कडू झालं की खोबरं जास्त झालं म्हणून? आणि मंद आचेवर असताना करपलंच कसं? थोडं भाजलेलं मिश्रण ताटलीत उरलंय, ते टाकलं नाही अजून.

लवंगी_मिरची
दही आणलं म्हणजे संसार टिकलाय तुमचा. आमच्यात सरळ पार्सल मागवलं असतं.

कट्ट्यावरचा_अण्णा
तीळ जुने असणार. जुने तीळ कडू होतात, हे साधं आहे. लक्ष्मीपुरीत नवीन माल बघून घ्यायचा, डब्यात वर्षभर पडलेले तीळ वापरले की असंच होतंय.

सुगरण_नव्हे
तिळाचे लाडू करताना माझंही असंच झालं होतं, गुळाचा पाक कडक झाला आणि लाडू दगडासारखे. पाकाची गोळी पाण्यात टाकून बघायची, टण्ण वाजली की जास्त झाला.

रंकाळ्याचा_वारा
ताई लाडू नाही, रस्सा आहे 🙏

सुगरण_नव्हे
अगं बाई, अहो सॉरी. तीळ वाचलं आणि पुढचं वाचलंच नाही.

मंगळवारपेठेची_काकू
ताटलीतलं टाकू नका. आधी एक काम करा. त्यातले नुसते तीळ चिमटीनं निवडा आणि चावून बघा. मग खोबऱ्याचा सोनेरी तुकडा वेगळा चावा आणि तो कॉफी रंगाचा वेगळा चावा. तीन चवी तीन वेळा घ्या, मधे पाणी प्या. इथं आम्ही अंदाज करत बसण्यापेक्षा तुमची जीभ लगेच सांगेल.
अण्णा, जुने तीळ कडू लागतात हे पूर्ण खरं नाही. जुन्या तिळाला खवट वास येतो, जुन्या तेलासारखा, आणि तो वास भाजायच्या आधीच डबा उघडल्या उघडल्या येतो. करपल्याचा कडूपणा वेगळा, तो जिभेच्या मागं चिकटून बसतो. यांनी "मागनं कडू" लिहिलंय बघा.

कट्ट्यावरचा_अण्णा
काकू तुम्ही म्हणताय तर ऐकतो, पण खवट झालेलं सुद्धा घशाला लागतंच की.

मंगळवारपेठेची_काकू
लागतं, घशाशी खवखवतं. म्हणून तर चावून बघा म्हटलं.

रंकाळ्याचा_वारा
बघितलं. तीळ: कडू नाहीत, पण चवच नाही, चावले तर थोडे लवचिक, कच्चट. सोनेरी खोबरं: एक नंबर, गोडसर. कॉफी रंगाचं: बाबा रे, कडूजहर. म्हणजे दोष खोबऱ्याचाच. पण मग मंद आच होती ना?

बेंगलोरकर_लगा
भावा, तुझी "मंद" म्हणजे कोणती मंद? मोठ्या बर्नरची मंद आच ही बारक्या बर्नरच्या मध्यम आचेएवढी असते. मी इथं इंडक्शनवर करतो, तिथं तर अजून घोळ. आकडा कमी ठेवला तरी तो मधनंच चालू-बंद होतो, चालू झाला की तळ एकदम तापतो. दोनदा खोबरं घालवलंय मी.

रंकाळ्याचा_वारा
मोठ्या बर्नरवरच होती. कढई मोठी म्हणून मोठा बर्नर.

मंगळवारपेठेची_काकू
हां, मग आलं लक्षात. निवांत लिहिते, जेवणं झालीत आता.

मी उन्हाळ्यात लोकांच्या चटण्या करून देते, वर्षाची चटणी असती ना ती. एका घराचं खोबरं करपलं तर ते घर वर्षभर शिव्या देतं, म्हणून सांगते ते सगळं करपवूनच शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, दोन्ही एकत्र भाजायचे नाहीत. तीळ बारीक आणि जड, हलवलं की खाली जातात. खोबऱ्याचा कीस हलका, वर येतो. तुम्ही वरनं बघता तेव्हा वरचा पांढरा कीस दिसतो, तळाला काय चाललंय ते दिसत नाही. त्यात तुमचे तीळ तीन चमचे आणि खोबरं वाटीभर, म्हणजे तीळ खोबऱ्यात बुडाले. चार तीळ तडतडले असतील तरी तुम्हाला ऐकू आलं नसणार. आणि तुम्ही थांबला होता तिळासाठी. इकडं खोबऱ्याला मात्र थांबायची सवय नाही. कीस म्हणजे पातळ पाती, रंग यायला लागला की अर्ध्या मिनिटात सोनेरीचा तपकिरी होतो. आईनं तीळ तडतडले की बंद कर म्हटलं ते तिळापुरतं बरोबर होतं, त्यांनी गृहीत धरलं असणार की तीळ वेगळे भाजाल.

दुसरी गोष्ट, खोबऱ्याचा चुरा. किसलेलं खोबरं हातात घेऊन बघा, लांब पाती असतात आणि पिठासारखा बारीक चुराही असतो. करपतो तो आधी चुराच. पाती अजून फिकट असतात आणि चुरा काळा होऊन त्यांनाच चिकटतो, मग सगळंच काळपट दिसायला लागतं. मी किसून झालं की कीस पिठाच्या चाळणीनं चाळून घेते, खाली पडलेला चुरा बाजूला. पाती जवळजवळ झाली की शेवटी चुरा घालते आणि दहाबारा वेळा हलवून लगेच उतरवते.

तिसरी म्हणजे तुम्ही गॅस बंद करून कढईतच ठेवलं. तेवढ्यात अजून एक रंग चढला. लोखंडी आहे का कढई?

रंकाळ्याचा_वारा
हो, आजीची. जाड आहे, एका हातानं उचलत नाही.

मंगळवारपेठेची_काकू
मग तर नक्कीच. ती कढई गॅस बंद केल्यावरही पाचसहा मिनिटं भाजतच राहती. चांगली आहे ती, आच सगळीकडं सारखी देते, पण तिच्यातनं लगेच बाहेर काढायचं. मी आधीच शेजारी मोठं ताट नाहीतर परात मांडून ठेवते. परातीत पसरून टाकायचं, ढीग करायचा नाही. ढिगात आतलं गरम राहतं.

लवंगी_मिरची
चुऱ्याचं मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी समजायचे की खोबरंच खराब लागलं दुकानातनं.

शेंडापार्कवाला
काकू एक विचारू? पाठीवरची ती तपकिरी साल काढायची का? माझ्या बाबतीत कीसच आधीपासून दोन रंगाचा दिसतो, मग भाजल्यावर कळत नाही की काय भाजलंय आणि काय सालीचं आहे.

मंगळवारपेठेची_काकू
मी काढत नाही, तांबड्याला चालते. पण रंग बघताना सालीच्या तुकड्यांकडं बघायचंच नाही, पांढऱ्या पातीच्या कडा बघायच्या. कडेला सोनेरी रेघ आली आणि मध्य अजून फिकट आहे, ती वेळ. पांढऱ्या रश्श्याला मात्र साल काढावी लागते, नाहीतर तो पांढरा राहत नाही.

कट्ट्यावरचा_अण्णा
पांढऱ्याला खोबरं भाजायचं?? कोण भाजतंय पांढऱ्याला? नारळाचं दूध काढायचं, काजू, खसखस, तीळ भिजवून वाटायचे. भाजलं की गेला पांढरा.

मंगळवारपेठेची_काकू
मी भाजायला सांगितलंच नाही अण्णा, साल काढायला सांगितलं.

शिवाजीपेठ_एक्सप्रेस
आमच्यात पांढऱ्याला तीळ थोडे गरम करून घेतात. भाजत नाहीत, गरम. रंग न बदलता नुसता ओलेपणा जाईस्तोवर. त्यानं वाटण छान येतं. खोबरं नाही, फक्त तीळ आणि खसखस.

कट्ट्यावरचा_अण्णा
आमच्यात नाही. भिजवून. गरम पाण्यात अर्धा तास.

शिवाजीपेठ_एक्सप्रेस
मग तुमच्या पांढऱ्याला कच्च्या तिळाचा वास येत असणार.

कट्ट्यावरचा_अण्णा
येऊन बघा एकदा, वास येतो का वास लागतो ते कळेल.

लवंगी_मिरची
झालं, पेठापेठा सुरू. आता तालमी पण येतील.

काळे_तीळ
मधे बोलतो. भट्टीवर न भाजता घरच्या घरी भाजणाऱ्यांना एक अडचण असते ती कुणी लिहिली नाही. तीळ धुतलेले असतील आणि नीट वाळले नसतील तर ते आधी वाफ सोडतात. तोवर त्यांना रंगही येत नाही आणि तडतडतही नाहीत, आपण समजतो आच कमी पडली म्हणून वाढवतो. पाणी गेलं की मग वाढवलेल्या आचेवर एकदम पेटतात. मी एकदा खडे काढायला तीळ धुतले, सकाळी धुतले आणि दुपारी भाजायला घेतले, ऊन बेताचंच होतं. पहिली चारपाच मिनिटं नुसता ओलसर वास आणि तळाला चिकटणारे दाणे. तेव्हापासून एक दिवस आधी धुतो आणि कापडावर पसरून पुरं वाळवतो.

रंकाळ्याचा_वारा
माझे पॅकेटातले होते, धुतले नाहीत. एकदम पांढरेशुभ्र.

काळे_तीळ
मग पॉलिशचे. साल काढलेले असतात ते, त्यांचा रंग बदललेला चटकन दिसतो. गावाकडचे न सोललेले तीळ मुळातच मातकट पिवळे असतात, ते सोनेरी झाले का हे डोळ्यांना कळणं अवघड. तिथं कान आणि बोटंच लागतात.

शेंडापार्कवाला
बोटं म्हणजे?

काळे_तीळ
दोनचार तीळ काढायचे, क्षणभर गार होऊ द्यायचे आणि अंगठा आणि तर्जनीत चोळायचे. कच्चे असतील तर चपटे होतात, दबतात. झाले असतील तर कुसकरून त्यांचा भुगा होतो आणि बोटांना तेलकट खमंग वास राहतो. भाजायच्या आधी तीळ चपटे आणि झाल्यावर थोडे फुगीर, तेही बघायचं.

माहेर_कागल
माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथंच विचारते. कारळ्याची चटणी करताना कारळे काळेच असतात, भाजले कसे ओळखायचे? मी दरवेळी कमी तरी भाजते नाहीतर जास्त तरी.

मंगळवारपेठेची_काकू
रंगाच्या नादी लागू नका. कारळे कच्चे असले की दाताखाली चिवट, भाजले की कट्कन तुटतात. आणि वासात बदल होतो, आधी गवतासारखा मग खमंग. थोडे उडायला लागले की दोनतीन मिनिटांचाच खेळ राहतो. काळ्या तिळालाही हेच.

माहेर_कागल
कट्कन, हे लक्षात राहील. थँक्यू काकू.

अर्धवट_केमिस्ट
थोडं माझंही. तीळ आणि सुकं खोबरं या दोघांत तेल भरपूर, तिळात साधारण निम्मं आणि सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. शिवाय खोबऱ्यात थोडी साखर असते, गोड लागतं ते त्यामुळंच. ही साखर आणि प्रथिनं तापली की सोनेरी रंग आणि वास तयार होतो, पण त्याच वाटेनं पुढं गेलं की कडू. म्हणून हवंहवंसं आणि नकोसं यात अंतर फार नाही. आणि रस्सा उकळून कडूपणा जात नाही, उलट सगळीकडं पसरतो. गूळ घाला म्हणणारे येतीलच.

सुगरण_नव्हे
मी तेच लिहायला आले होते 😄 गूळ घाला.

मंगळवारपेठेची_काकू
खडाभर गूळ घातला तर थोडं झाकतं, जात नाही. खरं तर वाटण करायच्या आधी खोबरं चाखलं असतं तर सगळंच वाचलं असतं. करपलेलं टाकून दुसरं भाजायला पाच मिनिटं लागतात, रस्सा परत करायला दोन तास. आम्ही लोकांच्या चटणीला भाजलेलं सगळं खोबरं परातीत चाखून, निवडून मगच मिरचीत मिसळतो.

रंकाळ्याचा_वारा
बरं, मग मला आता सरळ सांगा. बुधवारी मेहुणा जेवायला येतोय, त्याला तांबडा पाहिजे. पुन्हा करणार. माझी कढई तीच, खोबरं एक वाटी, तीळ तीन चमचे. क्रम काय, किती मिनिटं?

लवंगी_मिरची
मेहुणा म्हणजे तर अवघड पेपर.

मंगळवारपेठेची_काकू
मिनिटांवर भरवसा ठेवू नका, पण अंदाज हवा म्हणून सांगते. बारका बर्नर घ्या. कढई रिकामी दोन मिनिटं तापवा, जाड आहे म्हणून. हात तळापासून वीतभर वर धरला की ऊब लागावी, चटका नको. पाण्याचा थेंब टाकून बघायचा तर तो हळू सुळसुळत आटावा, उड्या मारायला लागला तर कढई जास्त तापली, गॅस बंद करून थांबा.

आधी तीळ. तीन चमचे एवढ्या मोठ्या कढईत पातळ पसरतील, तेच हवंय. सतत नको पण दर दहापंधरा सेकंदांनी उलथन्यानं तळ खरवडल्यासारखं फिरवा. एकदोन मिनिटांत उडायला लागतील, एखाददुसरा दाणा टप्पकन बाहेर येईल. तडतड वाढली की हात थांबवायचा नाही. सगळे फिकट बदामी होईपर्यंत थांबू नका, सायीसारखा रंग आणि वास आला, बोटांत चुरगळले की परातीत. साधारण तीन ते पाच मिनिटं.

मग कढई एक मिनिट गॅस बंद करून ठेवा, तिळानं तापलेली असती. परत बारीक आच, आणि चाळलेला कीस. खोबऱ्याचं आधी काहीच होत नाही असं वाटतं. पहिल्यांदा ते गरम होऊन मऊ पडतं, लोळतं. घाबरू नका, आच वाढवू नका. मग हळूहळू कोरडं पडतं आणि उलथन्याला खसखस असा आवाज यायला लागतो, वाळलेली पानं हलवल्यासारखा. तो आवाज आला की रंग येतोय असं समजा, अजून डोळ्यांना दिसत नसला तरी. तिथनं पुढं हात थांबवायचा नाही. निम्मी पाती कडेनं सोनेरी आणि निम्मी अजून पांढरट, तेव्हा चुरा घाला, दहा वेळा हलवा आणि लगेच परातीत. परातीत ते अजून एक पायरी गडद होतं, ते धरून आधीच काढायचं. निळसर धूर दिसला तर गेलं, ते वापरू नका.

बेंगलोरकर_लगा
काकू हे सगळं मी स्क्रीनशॉट काढून ठेवलं. इंडक्शनवर पण चालेल का?

अर्धवट_केमिस्ट
इंडक्शनवर जाड बुडाचं भांडं घे आणि सगळ्यात कमी आकडा ठेव. चालू-बंद होताना जाड बूड उष्णता सांभाळून धरतं, पातळ नॉनस्टिकवर एका जागी डाग पडतो. आणि भांडं उचलून घ्यायचं असेल तर मशीन बंद करून थांबू नको, भांडंच रिकामं कर.

कट्ट्यावरचा_अण्णा
तव्यावर तेलाचा थेंब टाकून भाजायचं का कोरडं, हे कुणी बोललं नाही. आमची आई खोबऱ्याला थेंबभर तेल लावायची.

मंगळवारपेठेची_काकू
काही घरं लावतात अण्णा. खोबऱ्याचं स्वतःचंच तेल सुटतं, मला लागत नाही. वर्षाच्या चटणीला मी कोरडंच भाजते, रश्श्याला तुम्ही म्हणता तसं चालतं. रंग सारखा येतो हे मात्र खरं आहे.

कट्ट्यावरचा_अण्णा
काकूंनी एक तरी गोष्ट मान्य केली. आज मटण माझ्यातर्फे.

शिवाजीपेठ_एक्सप्रेस
पांढरा भिजवून की गरम करून?

कट्ट्यावरचा_अण्णा
भिजवून.

रंकाळ्याचा_वारा
बुधवारचा रिपोर्ट. लांब आहे, सवड असेल तर वाचा.

तीळ साडेतीन मिनिटांत झाले. तीनचार दाणे गॅसच्या शेगडीवर, एक माझ्या चष्म्यावर. चिमटीत घेऊन चोळले, भुगा झाला. परातीत काढले. पहिल्यांदाच कळलं की खमंग वास हा नुसता शब्द नाही, ताट घेऊन दाराशी गेलो तर मुलगी आतनं ओरडली, काय करतोयस.

मग खोबरं. चाळल्यावर वाटीभर किसातनं चांगला मुठीपेक्षा जास्त चुरा निघाला, म्हणजे रविवारी त्यानंच घात केला. पाती घातली, काकू म्हणाल्या तशी मऊ पडली. दोन मिनिटं काहीच होईना, हात गॅसच्या नॉबवर गेला होता, खरं सांगतो, पण मागं घेतला. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास तो वाळक्या पानांचा आवाज. मग पन्नासेक सेकंदांत रंग फिरला. चुरा घातला, हलवलं आणि… इथं एक गडबड. कढईतच रंग इतका छान दिसत होता की फोटो काढायचा मोह झाला, गॅस बंद केला, फोन काढला, लॉक उघडलं, फोकस होईना. पंधरावीस सेकंद गेले असतील. परातीत काढलं तेव्हा तळाकडचं थोडं तपकिरी होतंच. ते निवडून बाजूला टाकलं. चाखून मगच वाटलं.

रस्सा कडू नाही. मेहुणा तीन वाट्या प्यायला. बायकोनं दही आणलं नाही.

लवंगी_मिरची
फोटो कुठाय मग?

रंकाळ्याचा_वारा
फोकस झालाच नाही म्हटलं ना.

सुगरण_नव्हे
मी आज लाडवासाठी तीळ याच पद्धतीनं भाजले, अर्धा किलो होते म्हणून चार घाण्यांत. एकदम घातले तर खालचे भाजतात आणि वरचे कच्चे, हे आज कळलं. पाक परत कडक झाला.

मंगळवारपेठेची_काकू
पाकाचा वेगळा धागा काढा ताई, तो माझा विषय नव्हे. आणि वारा, बाजूला टाकलेलं तपकिरी खोबरं चाखून बघितलंत का? ते कडू नसेल तर टाकू नका. लसूण, मीठ, तिखट घालून कोरडं कुटा, भाकरीबरोबर चालतं.

रंकाळ्याचा_वारा
चाखलं. निम्मं कडू, निम्मं बरं. बरं होतं ते मेहुण्यानं आधीच भाकरीबरोबर संपवलं.

शिवाजीपेठ_एक्सप्रेस
अण्णा, शनिवारी तुमच्याकडं येतोय. पांढरा भिजवलेल्या तिळाचा ठेवा. मी माझा डब्यातनं आणतो.

कट्ट्यावरचा_अण्णा
या. दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवू. काकू, तुम्हीही या, कुणाचा कुठला ते तुम्हाला सांगणार नाही.